कॅश मॅपिंगचं उत्तर एक-दोन बिटांनी चुकतंय? जुन्या प्रश्नसंचांतली गणितं सोडवताना दोष शोधायचा क्रम

कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनचे जुने प्रश्नसंच सोडवायला घेतले की एक तक्रार हमखास येते: "पद्धत बरोबर आहे, सूत्रं पाठ आहेत, तरी उत्तरसूचीशी जुळत नाही." अशा वह्या मी बऱ्याच वर्षांपासून तपासतोय. संकल्पना न कळल्यामुळे चुकलेलं गणित त्यांत क्वचितच सापडतं. बहुतेक वेळा आकडेमोड सुरू करण्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या राहून गेलेल्या असतात: किती बिटांत काम करायचं आणि कोणत्या एककात मोजायचं. दोष तिथेच असतो, पण तो तीन-चार पायऱ्यांनंतर दिसतो. म्हणून लोक चुकीच्या जागी शोधत बसतात.

लक्षणं

- टॅगचे बिट एक, दोन किंवा तीनने कमी-जास्त येतात. बाकी सगळं नीट दिसतं.
- बायनरी उत्तर बरोबर असतं, पण त्याचं हेक्स किंवा ऑक्टल चुकतं. अपूर्णांक असला तर हमखास.
- टूज कॉम्प्लिमेंटच्या बेरजेत आकडे बरोबर, पण "ओव्हरफ्लो आहे की नाही" याचं उत्तर उलटं.
- हिट आणि मिस मोजताना सुरुवात जुळते, मध्येच कुठेतरी फाटा फुटतो.

यातलं काहीही होत असेल तर संपूर्ण गणित पुन्हा सोडवू नका. पुन्हा सोडवताना हात त्याच वाटेने जातो आणि तेच चुकीचं उत्तर दुसऱ्यांदा मिळतं. मग माणसाला वाटतं की उत्तरसूचीच चुकली आहे. खालच्या क्रमाने तपासा. पहिल्या पायऱ्यांना मिनिटही लागत नाही, शेवटच्या पायरीला वेळ लागतो.

१. आधी छपाई तपासा

जुने संच झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून किंवा घाईत टाइप केलेल्या प्रतींवरून फिरत असतात. त्यात सगळ्यात आधी घातांक हरवतो. दोनचा सोळावा घात `216` असा छापला जातो. कुठलंही माप `216` किंवा `210` असं दिसलं तर थांबा. मेमरीची मापं या गणितांत जवळजवळ नेहमी दोनच्या घातात असतात आणि २१६ हा दोनचा घात नाही. तिथे `2^16` म्हणायचं आहे.

दुसरी हरवणारी गोष्ट म्हणजे संख्येच्या खाली उजवीकडे लिहिलेला पाया. नुसतं `110` लिहिलेलं असेल तर ते बायनरीत ६, ऑक्टलमध्ये ७२ आणि हेक्समध्ये २७२ होतं. आजूबाजूच्या आकड्यांत ८ किंवा ९ असेल तर ऑक्टल बाद होतो. A ते F मधलं एखादं अक्षर असेल तर हेक्सच. काहीच खूण नसेल तर दिलेल्या उत्तरावरून उलटं जाऊन पाया ठरवा.

तिसरं, `B` आणि `b`. मोठा म्हणजे बाइट, छोटा म्हणजे बिट. दोघांत आठपट फरक असतो, आणि आठपट म्हणजे नेमके ३ बिट. तुमचं उत्तर बरोबर तीनने चुकत असेल तर पहिला संशय यावर घ्या.

२. बिटांचे गट कुठून पाडले

ही तपासणीही स्वस्तातली आहे, आणि बायनरीवरून हेक्स किंवा ऑक्टल करताना होणाऱ्या बहुतेक चुका इथेच पकडल्या जातात. गट नेहमी बिंदूपासून पाडायचे: पूर्णांकाचे डावीकडे जात, अपूर्णांकाचे उजवीकडे जात. कमी पडलेली शून्यं दोन्ही बाजूंना बाहेरच्या टोकाला येतात.

४५.६८७५ घ्या. पूर्णांकाला दोनने भागत जा आणि बाकी खालून वर वाचा: `101101`. अपूर्णांकाला दोनने गुणत जा आणि पूर्ण भाग वरून खाली वाचा: `.1011`. आता ऑक्टल करू.

```
101 101 . 101 100   ->  55.54
0010 1101 . 1011    ->  2D.B
```

ऑक्टलमध्ये अपूर्णांकाचा शेवटचा गट नुसता `1` उरतो. तो `100` करायचा, म्हणजे ४. तो `001` धरला तर उत्तर ५५.५१ येतं, आणि वह्यांमध्ये मला ही चूक सगळ्यात जास्त दिसते. कारण साधं आहे: बिंदूनंतर शून्य डावीकडे घातलं तर किंमत बदलते, उजवीकडे घातलं तर बदलत नाही. ५४ मधला ५ म्हणजे पाच अष्टमांश आणि ४ म्हणजे चार चौसष्टांश. ०.६२५ अधिक ०.०६२५ बरोबर ०.६८७५. अशी उलटी बेरीज करून पाहायला दहा सेकंद लागतात. ती केल्याशिवाय पुढच्या प्रश्नाकडे जाऊ नका.

३. चिन्हाच्या संख्या: हातचा आणि ओव्हरफ्लो एक नव्हेत

बेरीज-वजाबाकीच्या प्रश्नात आधी बिटांची रुंदी लिहून टाका. प्रश्नात आठ बिट म्हटलं असेल तर प्रत्येक संख्या पूर्ण आठ बिटांत लिहायची, पुढची शून्यं धरून. साठ `111100` असं सहा बिटांत लिहून त्याचं कॉम्प्लिमेंट घेतलं की पुढचं सगळं बिघडतं, कारण डावीकडची दोन शून्यं उलटून एक व्हायला हवी होती आणि ती तिथे नव्हतीच.

आता दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहू.

```
  75 - 60            -75 - 60
  01001011           10110101
+ 11000100         + 11000100
 1 00001111         1 01111001
```

दोन्हीकडे डावीकडून हातचा बाहेर पडला आहे. टूज कॉम्प्लिमेंटमध्ये तो दोन्हीकडे सोडून द्यायचा. डावीकडे उरतात १५, बरोबर. उजवीकडे दोन ऋण संख्यांची बेरीज होऊन उत्तर धन १२१ आलं, आणि खरं उत्तर −१३५ तर आठ बिटांत मावतच नाही, कारण तिथे −१२८ ते १२७ एवढीच जागा आहे. म्हणजे उजवीकडे ओव्हरफ्लो आहे, डावीकडे नाही.

तपासायची पद्धत अशी: चिन्हाच्या बिटात आलेला हातचा आणि त्यातून बाहेर गेलेला हातचा यांची तुलना करा. डावीकडच्या बेरजेत एक आत आला आणि एक बाहेर गेला. सारखे आहेत, म्हणून ओव्हरफ्लो नाही. उजवीकडे आत शून्य आलं आणि बाहेर एक गेला. वेगळे आहेत, म्हणून ओव्हरफ्लो. फक्त बाहेर पडलेला हातचा पाहून ओव्हरफ्लो ठरवत असाल तर निम्म्या प्रश्नांत नशिबाने बरोबर याल. म्हणूनच ही चूक लवकर लक्षात येत नाही.

प्रश्नात वन्स कॉम्प्लिमेंट म्हटलं असेल तर बाहेर पडलेला हातचा टाकायचा नसतो, तो परत शेवटच्या बिटात मिळवायचा असतो. जुन्या संचांत हे दोन्ही प्रकार लागोपाठ विचारलेले असतात आणि सवयीने पहिल्याची रीत दुसऱ्याला लागते. उत्तर नेमकं एकने चुकत असेल तर कारण हेच.

४. कॅश: कोणते दोन रकाने चुकलेत ते पाहा

इथे जरा थांबून सविस्तर पाहू, कारण नवी मुलं सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतात. एक ठरलेलं गणित घेऊ. मुख्य मेमरी ६४ KB, प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता, कॅश २ KB, ब्लॉक १६ बाइटचा, फोर-वे सेट असोसिएटिव्ह. टॅग, सेट आणि ऑफसेटचे बिट किती?

६४ KB म्हणजे `2^16` बाइट, म्हणून पत्ता १६ बिटांचा. ब्लॉक १६ बाइटचा, म्हणून ऑफसेट ४ बिट. कॅशमध्ये २०४८ भागिले १६, म्हणजे १२८ लाइन. एका सेटमध्ये ४ लाइन, म्हणून ३२ सेट, म्हणजे ५ बिट. उरले ७, तो टॅग. उत्तर ७, ५, ४.

आता उत्तर आल्याबरोबर एक ताळा करायचा. मुख्य मेमरीला कॅशच्या मापाने भागा, येणाऱ्या संख्येला वेच्या संख्येने गुणा आणि ते दोनच्या कितव्या घातात आहे ते पाहा. तेवढे टॅगचे बिट.

```
tag = log2( memory / cache * ways )
    = log2( 64K / 2K * 4 ) = log2(128) = 7
```

या सूत्रात ब्लॉकचं माप कुठेच नाही, आणि ताळा म्हणून ते उपयोगी पडतं ते याचसाठी. ब्लॉक मोठा केला की ऑफसेट वाढतो आणि तितकेच सेटचे बिट कमी होतात; टॅग जागचा हलत नाही. मूळ गणित ज्या वाटेने सोडवलं त्यापेक्षा ही वाट वेगळी आहे, म्हणून दोन्ही वाटांनी ७ आले तर टॅगबद्दल निश्चिंत राहा.

ताळा जुळला नाही, किंवा उत्तरसूचीत वेगळे आकडे असले, तर तुमचे तीन आकडे आणि सूचीतले तीन आकडे एकाखाली एक लिहा आणि कोणते रकाने वेगळे आहेत ते पाहा. दोष कुठे आहे ते रकानेच सांगतात.

टॅग आणि सेट वेगळे, ऑफसेट सारखा: वेचा घोळ. वरच्याच गणितात तुमचं उत्तर ५, ७, ४ आलं असेल तर तुम्ही लाइनच्या संख्येवर थांबलात, चारने भागायचं राहिलं. म्हणजे नकळत डायरेक्ट मॅपिंग सोडवलंत. सेटचे बिट ५ ऐवजी २ आले असतील तर "फोर-वे" म्हणजे चार सेट असं वाचलं गेलं. फोर-वे म्हणजे एका सेटमध्ये चार लाइन.

ऑफसेट आणि सेट वेगळे, टॅग सारखा: ब्लॉकच्या मापाचं एकक चुकलं. प्रश्नात "१६ वर्डचा ब्लॉक" असेल आणि वर्ड दोन बाइटचा असेल, तर ब्लॉक ३२ बाइटचा होतो, लाइन ६४ होतात, सेट १६. उत्तर ७, ४, ५.

टॅग आणि ऑफसेट वेगळे, सेट सारखा: एका ठिकाणी वर्ड आणि दुसऱ्या ठिकाणी बाइट धरले गेले. समजा मुख्य मेमरी ६४K वर्डची आहे, पत्ता वर्डला आहे, वर्ड दोन बाइटचा आहे, पण कॅश आणि ब्लॉक मात्र बाइटमध्ये दिलेत. तर ब्लॉकमध्ये ८ वर्ड, ऑफसेट ३, सेट ५, टॅग ८. ताळ्यातही हेच निघतं, कारण ६४K वर्ड म्हणजे १२८ KB, आणि ताळा करताना दोन्ही मापं एकाच एककात आणावीच लागतात.

फक्त ऑफसेट वेगळा असेल तर आकार सगळे बरोबर वाचलेत, पत्ता बाइटला की वर्डला एवढंच चुकलं. फक्त टॅग वेगळा असेल तर मुख्य मेमरीचं माप पुन्हा वाचा.

याच प्रश्नाचा पुढचा भाग बहुधा टॅग साठवायला किती जागा लागते असा असतो. तिथे टॅगचे बिट लाइनच्या संख्येने गुणायचे, सेटच्या नाही. प्रत्येक लाइनला स्वतःचा टॅग लागतो. १२८ गुणिले ७, म्हणजे ८९६ बिट. व्हॅलिड बिट धरायला सांगितला असेल तर १२८ गुणिले ८, म्हणजे १०२४. तुमचं उत्तर २२४ आलं असेल तर तुम्ही ३२ सेटने गुणलंत.

५. पत्ता तोडताना हेक्सच्या अंकांवर भरवसा ठेवू नका

बिटांची संख्या बरोबर आली, पण "पत्ता `3A7C` कोणत्या सेटमध्ये जाईल" याचं उत्तर चुकतं. इथे दुसऱ्या पायरीतली गट पाडायची चूक नव्या रूपात येते. हेक्सचा एक अंक चार बिटांचा असतो आणि आपले तुकडे ७, ५, ४ आहेत. ते अंकांच्या सीमेवर पडत नाहीत. तरी डोळे `3A`, `7`, `C` असेच तुकडे पाडतात.

```
3A7C = 0011 1010 0111 1100
       0011101 | 00111 | 1100
         tag      set    offset
```

सेट `00111`, म्हणजे ७. ऑफसेट १२. टॅग `0011101`, म्हणजे दशमान २९. टॅग हेक्समध्ये मागितला असेल तर पुन्हा उजवीकडून गट पाडा: `001 1101`, म्हणजे `1D`. डावीकडून पाडले तर `0011 101`, म्हणजे `35` असं उत्तर येतं, आणि ते दिसायला इतकं बरोबर दिसतं की कुणाला संशयही येत नाही.

या उदाहरणात तर एक फसवणूक लपलेली आहे. चुकीच्या तुकड्यांतही सेट ७ च येतो, निव्वळ योगायोगाने. म्हणून सेट जुळला एवढ्यावर समाधान मानू नका. ताळा दशमानात करा: `3A7` म्हणजे ९३५ हा ब्लॉक क्रमांक. त्याला ३२ ने भागा. भागाकार २९ तो टॅग, बाकी ७ तो सेट.

६. हिट-मिसचा तक्ता

ही तपासणी शेवटी ठेवली, कारण तिला वेळ लागतो आणि आधीच्या पायऱ्या स्वच्छ नसतील तर तो वेळ वाया जातो. पहिला प्रश्न असा: दिलेले आकडे ब्लॉक क्रमांक आहेत की बाइटचे पत्ते? पत्ते असतील तर आधी प्रत्येकाला ब्लॉकच्या मापाने भागून घ्या आणि बाकी सोडून द्या. थेट पत्त्यांवर बाकी काढत बसलात तर एकाच ब्लॉकमधले शेजारी पत्तेही वेगवेगळ्या लाइनमध्ये जाऊन पडतात, आणि मिसची संख्या फुगते.

दुसरा प्रश्न: जागा रिकामी करायचा नियम कोणता? चार लाइनची कॅश घ्या, टू-वे, म्हणजे दोन सेट. ब्लॉक क्रमांक या क्रमाने येतात: ५, ९, ५, १३, ९, ५. सगळे विषम, म्हणून सगळे सेट १ मध्येच भांडतात. पहिले दोन मिस आणि तिसरा हिट, इथपर्यंत दोन्ही नियमांत काही फरक नाही. फाटा १३ ला फुटतो.

```
block   LRU            FIFO
5       miss           miss
9       miss           miss
5       hit            hit
13      miss, 9 out    miss, 5 out
9       miss, 5 out    hit
5       miss, 13 out   miss, 9 out
```

एलआरयूमध्ये ५ नुकताच वापरलेला आहे, म्हणून ९ बाहेर जातो. फिफोला वापराशी देणं-घेणं नाही, ५ आधी आला म्हणून ५ जातो. एलआरयूला १ हिट, फिफोला २. त्यामुळे "एलआरयू चांगला, म्हणून त्याचे हिट जास्त असणार" असं गृहीत धरून तक्ता दुरुस्त करायला जाऊ नका. छोट्या क्रमात उलटंही होतं, जसं इथे झालं.

तक्त्यात होणारी चूक जवळजवळ नेहमी एकच असते: हिट झाल्यावर एलआरयूचा क्रम बदलायचा राहतो. हिट झाला तरी तो ब्लॉक "सर्वांत ताजा" म्हणून पुढे आणावाच लागतो. तो आणला नाही तर तुम्ही नाव एलआरयूचं लिहून फिफोच चालवत आहात, आणि वरच्या उदाहरणात तुमचं उत्तर २ येईल. तुमचा तक्ता आणि सूची जिथे पहिल्यांदा वेगळी होतात तिच्या आधीची ओळ पाहा. ती हिटची असेल तर दोष सापडला.

कुठे थांबायचं आणि सरांना किंवा मॅडमना कधी विचारायचं

दोन वेगळ्या वाटांनी तुमचं उत्तर एकच येत असेल, रकाने लावूनही कारण सापडत नसेल आणि छपाई स्वच्छ असेल, तर तिथे थांबा. सूची चुकलेली असू शकते, पण ते एकट्याने ठरवू नका. तुमची दोन्ही वाटांची आकडेमोड एका पानावर लिहा आणि विषय शिकवणाऱ्या व्यक्तीकडे न्या. नुसतं "उत्तर जुळत नाही" म्हणून गेलात तर तेही पुन्हा पहिल्यापासून सोडवतील आणि दोघांचा वेळ जाईल.

काही प्रश्न तर स्वतः सोडवत बसूच नयेत, कारण तिथे आकडेमोड नाही, संकेत ठरवायचा असतो. पत्ता बाइटला की वर्डला हे प्रश्नात लिहिलेलंच नसणं, हा एक. टॅगच्या जागेत व्हॅलिड आणि डर्टी बिट धरायचे का, हा दुसरा. तिसरा सरासरी ॲक्सेस टाइमचा: कॅश १० नॅनोसेकंद, मेमरी १००, हिट रेशो ०.९. मिस झाल्यावर फक्त मेमरीचा वेळ धरला तर १९ नॅनोसेकंद येतात. आधी कॅश शोधण्याचाही वेळ धरला तर २०. दोन्ही पद्धती पुस्तकांत आहेत, दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. तुमच्या पेपरला कोणती चालते हे तो पेपर तपासणाऱ्यालाच माहीत असतं, म्हणून हे सत्राच्या सुरुवातीलाच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. परीक्षेत प्रश्न मोघम आला तर उत्तराच्या पहिल्या ओळीत काय गृहीत धरलं ते लिहा, "पत्ता बाइटला आहे असं धरलं" एवढं पुरतं, आणि मगच आकडेमोड सुरू करा.